विश्लेषण : गोळीच्या पट्टीवरचे देवनागरी नाव इंग्रजी चिठ्ठीशी कसे जुळवायचे?

रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षे एका ब्रँडची चालू असते. मग कुणीतरी सांगते, जनऔषधी केंद्रात हीच गोळी स्वस्त मिळते. नवी पट्टी घरी येते. तिच्यावर ब्रँडचे नाव नसते, ठळक अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते, इंग्रजीत आणि देवनागरीतही. आजीला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून ती देवनागरी वाचते. डब्यातल्या जुन्या पट्टीवरच्या नावाशी ते जुळत नाही. तेव्हा ही डॉक्टरांनी दिलेली आणखी एक गोळी असावी, असे समजून ती दोन्ही घेऊ लागते. औषध एकच, मात्रा दुप्पट. आठवडाभराने चक्कर येते, नाडी मंदावते, आणि घरचे म्हणतात, ‘स्वस्त औषधाचा त्रास झाला.’

जनऔषधी योजना २००८ साली सुरू झाली आणि आज देशात तिची १५ हजारांहून अधिक केंद्रे आहेत. म्हणजे देवनागरीत छापलेले औषधाचे मूळ नाव आता लाखो घरांत पोहोचले आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते नाव कसे वाचायचे, हे कुणी शिकवलेले नाही. ‘इंग्रजीच वाचा’ असा सल्ला देणे सोपे आहे. ज्यांना सर्वात जास्त गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांच्याच पिढीला तो सर्वात कमी उपयोगाचा आहे.

लिपी आपली, लेखन हिंदीचे

पहिली अडचण मराठी वाचकाच्या सहज लक्षात येत नाही. पट्टीवरची लिपी देवनागरी असली, तरी लेखनाची पद्धत हिंदी असते. आपण ‘पॅरासिटामॉल’ लिहितो, तिथे ‘पैरासिटामोल’ छापलेले असते. मराठी डोळा ते ‘पइरासिटामोल’ असे वाचतो आणि थबकतो. आपला ‘ॲ’ हिंदीत ‘ऐ’ किंवा ‘ए’ होतो, म्हणून ‘ॲम्लोडिपिन’ तिथे ‘ऐम्लोडिपाइन’ किंवा ‘एम्लोडिपिन’ असते. ‘टॅब्लेट’चे ‘टैबलेट’ होते आणि ‘आयपी’चे ‘आईपी’. ‘मायसिन’ तिथे ‘माइसिन’ होऊन येते.

सगळ्यात जास्त घोळ ‘झ’चा होतो. इंग्रजी z साठी मराठीत आपण सरळ ‘झ’ वापरतो. हिंदीत ‘ज’ खाली नुक्ता देतात. चकचकीत फॉइलवर तो टिंब एवढा बारीक असतो, की छपाईत गायब होतो किंवा गोळीच्या फुगवट्याच्या सुरकुतीत हरवतो. मग ‘ओमेप्राज़ोल’चे ‘ओमेप्राजोल’ होते. हे वाचून फोनमध्ये omeprajol टाकले, तर शोध रिकामा परतू शकतो. तेव्हा हिंदी पट्टीवर ‘ज’ दिसला, की आधी z समजावा आणि नंतर j किंवा g.

अनुस्वाराचेही तसेच आहे. ‘पेंटोप्राज़ोल’मधला अनुस्वार n आहे, तर ‘एंपिसिलिन’मधला m. इथे शाळेतले व्याकरण कामाला येते. पुढे प, फ, ब, भ, म यांपैकी अक्षर असेल तर m, नाहीतर n.

उलट दिशेने पडताळा

इंग्रजी नावाचे देवनागरी करणे तुलनेने सोपे असते. cetirizine हे नाव कुणीही साधारण ‘सेटिरिझिन’ असेच लिहील. पण ‘सेटिरिझिन’वरून इंग्रजीकडे जाताना पहिल्याच अक्षराला दोन वाटा फुटतात, s की c? शेवटी नुसते n, की ne? ‘मेटफॉर्मिन’च्या शेवटी e नाही, metformin. ‘सेटिरिझिन’च्या शेवटी आहे. उच्चारावरून हे कळण्याचा मार्ग नाही.

म्हणून माझ्या मते एकच पद्धत भरवशाची आहे. अंदाज देवनागरीकडून इंग्रजीकडे करावा आणि पडताळा इंग्रजीकडून देवनागरीकडे घ्यावा. पूर्ण नाव टाइप करायचे नाही. जनऔषधीच्या ‘सुगम’ ॲपमध्ये किंवा औषधांच्या कुठल्याही विश्वासार्ह यादीत पहिली चार-पाच अक्षरेच टाकायची. setir टाकून काही आले नाही, तर cetir टाकायचे. समोर जी नावे येतील त्यातले प्रत्येक नाव मनात देवनागरीत लिहून पट्टीवरच्या नावाशी ताडून पाहायचे.

ताडताना स्वरांकडे दुर्लक्ष करून आधी फक्त व्यंजने पाहावीत. ऱ्हस्व-दीर्घ, ‘ओ’ की ‘ऑ’, ‘आइ’ की ‘आय’ हे छापणाऱ्यानुसार बदलते. व्यंजनांचा सांगाडा सहसा बदलत नाही. सेटिरिझिनचा सांगाडा स-ट-र-झ-न. यादीत शेजारी cinnarizine दिसले, तर त्याचा सांगाडा स-न-र-झ-न. दुसऱ्याच अक्षराला फरक पडला. पहिले ॲलर्जीचे औषध आहे, दुसरे भोवळीचे.

या कामात जागतिक आरोग्य संघटनेच्या एका जुन्या धोरणाची मदत होते. औषधांची आंतरराष्ट्रीय मूळ नावे ही संघटना ठरवते. ती ठरवताना ph ऐवजी f, th ऐवजी t, y ऐवजी i वापरावे आणि h व k ही अक्षरे शक्यतो टाळावीत, असा तिचा संकेत आहे. म्हणून औषधाच्या नावात ‘क’ दिसला की आधी c टाकून पाहावे, ‘फ’ दिसला की f. ketoconazole आणि montelukast सारखे अपवाद आहेतच, आणि जुन्या नावांनी हा संकेत पाळलेला नाही. azithromycin मध्ये th आणि y दोन्ही ठाण मांडून बसले आहेत. तरी दहातल्या बहुतेक वेळा पहिला अंदाज बरोबर येतो.

एक पट्टी शेवटपर्यंत वाचू

समजा, चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाखाली Metoprolol Succinate ER 50 mg असे लिहिले आहे. केंद्रातून आणलेल्या पट्टीवर देवनागरीत अशी ओळ आहे : ‘मेटोप्रोलोल सक्सीनेट प्रोलोंग्ड रिलीज़ टैबलेट आईपी ५० मि.ग्रा.’

ही ओळ एका दमात वाचू नये. तिचे तुकडे पाडावेत. पहिला शब्द औषधाचा. म-ट-प-र-ल-ल असा सांगाडा निघतो. यादीत metop टाकले की metoprolol येते, ते परत देवनागरीत लिहिले की सांगाडा तंतोतंत बसतो. शिवाय शेवटचे ‘लोल’ ही खूण आहे. atenolol, propranolol, bisoprolol अशा बीटा ब्लॉकर नावाच्या गटातल्या औषधांच्या शेवटी olol येते. हृदयाची गती आणि रक्तदाब कमी करणारा हा गट आहे. चिठ्ठी रक्तदाबाचीच असेल, तर इथवर सगळे जुळले.

पण बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि ते चुकीचे आहे. दुसरा शब्द ‘सक्सीनेट’ हा क्षार आहे. मेटोप्रोलोल बाजारात दोन क्षारांत मिळते, सक्सिनेट आणि टार्ट्रेट. तिसरा तुकडा ‘प्रोलोंग्ड रिलीज़’ म्हणजे औषध पोटात हळूहळू सुटणार. सक्सिनेटची ही हळू सुटणारी गोळी साधारणपणे दिवसातून एकदा घेतात आणि ती चावून किंवा कुटून घ्यायची नसते. टार्ट्रेटची साधी गोळी सहसा दिवसातून दोनदा विभागून दिली जाते. नाव तेच, आकडा तोच ५०, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. चिठ्ठीवरचे ER आणि पट्टीवरचे ‘प्रोलोंग्ड रिलीज़’ हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत. कुठे XL, कुठे PR, कुठे SR असेही लिहिलेले असते. यातले एकही अक्षर चिठ्ठीवर असेल आणि पट्टीवर ‘रिलीज़’ हा शब्दच नसेल, तर गोळी परत घेऊन जावे.

आता पट्टीवरची बारीक अक्षरे. तिथे घटक दिलेले असतात : ‘प्रत्येक टैबलेट में मेटोप्रोलोल सक्सीनेट ४७.५ मि.ग्रा., मेटोप्रोलोल टार्ट्रेट ५० मि.ग्रा. के समतुल्य’. हे वाचून भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. एका गोळीत दोन औषधे आहेत का? शिवाय ५० म्हणताना ४७.५ कसे? उत्तर ‘के समतुल्य’ या दोन शब्दांत आहे. त्याचा अर्थ ‘च्या बरोबरीचे’. गोळीत आहे फक्त सक्सिनेट. दोन क्षारांचे वजन वेगळे असल्याने ४७.५ मिलिग्रॅम सक्सिनेटमध्ये मूळ औषध तेवढेच असते जेवढे ५० मिलिग्रॅम टार्ट्रेटमध्ये. टार्ट्रेटचे नाव फक्त मोजमापाचा दांडा म्हणून आले आहे. इंग्रजी पट्टीवर या जागी equivalent to असते. ज्या शब्दाच्या मागे ‘समतुल्य’ लागते, तो शब्द गोळीत काय आहे ते सांगत नाही, किती आहे एवढेच सांगतो.

‘आईपी’ म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषध त्या प्रमाणकोशातल्या निकषांनुसार बनवले आहे याची खूण. तो औषधाच्या नावाचा भाग नाही, शोधताना टाकू नये. उरले ‘मि.ग्रा.’. इथे एकच काळजी घ्यायची. थायरॉईडच्या गोळीवर ‘माइक्रोग्राम’ असते. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. मुलाला फोनवर ‘लेवोथायरॉक्सिन ५०’ एवढेच कळवणे म्हणजे निम्मीच माहिती देणे.

‘मेटो’ की ‘मेथो’?

सांगाड्याची पद्धत पूर्ण नाव दिसत असेल तरच चालते. आपल्याकडे पट्टी कापून दोन-चार गोळ्या देण्याची रीत आहे. कापलेल्या तुकड्यावर नावाची दोनच अक्षरे उरतात. ‘मेटो’ किंवा ‘मेथो’, आणि पुढे कुठेतरी २.५ मि.ग्रा. मळलेल्या फॉइलवर ट आणि थ यांतला फरक दिसेलच, याची खात्री नाही.

metolazone ही शरीरावरची सूज उतरवणारी, लघवी वाढवणारी गोळी. methotrexate संधिवातात देतात, पण आठवड्यातून एकदा. दोन्ही २.५ आणि ५ मिलिग्रॅममध्ये असतात, म्हणजे आकडा पाहून वेगळे करता येत नाही. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले गेले, तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी तयार होणे थांबू लागते. अशा चुकीने जगभरात माणसे दगावलेली आहेत. पूर्ण नावे समोर असतील तर म-ट-ल-झ-न आणि म-थ-ट-र-क्स-ट हे सांगाडे लांबूनही वेगळे दिसतात. अर्ध्या नावावर अंदाज बांधायचा नाही, गोळीच्या रंगावरून तर मुळीच नाही. रंग कंपनीगणिक बदलतो.

काही जोड्या पूर्ण नाव असूनही दगा देतात. hydroxyzine आणि hydralazine घ्या. देवनागरीत ‘हाइड्रॉक्सीज़ीन’ आणि ‘हाइड्रालाज़ीन’. सुरुवात आणि शेवट एकच, मधले एक व्यंजन वेगळे, आणि दोन्ही २५ मिलिग्रॅममध्ये. पहिले खाजेसाठी, दुसरे रक्तदाबासाठी. अशा वेळी तिसरा पडताळा लागतो, तो म्हणजे आजार. डॉक्टरांनी ही गोळी कशासाठी दिली होती, हे चिठ्ठीवर नसेल तर स्वतःच्या अक्षरांत पट्टीच्या मागे लिहून ठेवलेले बरे. शेवटच्या अक्षरांच्या खुणाही इथे फसवतात. omeprazole आणि rabeprazole पोटातले आम्ल कमी करणारी, पण aripiprazole मानसिक आजारावरचे. ‘प्राझोल’ ऐकले की ॲसिडिटीची गोळी, असे धरून चालणारी बरीच मंडळी भेटतात.

देवनागरीत छापलेले नाव ब्रँडचे असेल, तर ही सगळी खटपट व्यर्थ आहे. ब्रँडच्या नावाला व्याकरण नसते, कंपनीला सुचेल ते ती ठेवते. तिथे नाव सोडून घटकांची ओळ शोधावी. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या ३०० ठरावीक ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. तो स्कॅन केला की मूळ नाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत दिसायला हवी. स्क्रीनवरचा बॅच क्रमांक पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, तेही पाहावे. यादीबाहेरच्या औषधांवर मात्र असा कोड असेलच असे नाही.

परदेशातल्या मुलाला नाव कळवताना

एक वेगळाच पेच अमेरिकेत मुले असलेल्या घरांत येतो. पट्टीवरचे ‘पैरासिटामोल’ आई बिनचूक paracetamol असे लिहून पाठवते आणि तिथल्या दुकानात ते नाव सापडत नाही. कारण तिथे त्याच औषधाला acetaminophen म्हणतात. दम्याचे salbutamol तिथे albuterol असते, मधुमेहाचे glibenclamide तिथे glyburide, क्षयाचे rifampicin तिथे rifampin. इथे लिप्यंतर चुकलेले नसते, नावच वेगळे असते. शिवाय आपल्याकडे जुनी ब्रिटिश रूपेही टिकून आहेत, ‘फ्रुसेमाइड’ म्हणजे आजचे furosemide आणि ‘लिग्नोकेन’ म्हणजे lidocaine. सांगाडा कुठेच बसत नसेल, तर आपले वाचन चुकले असे लगेच मानू नये. हे जुने नाव असू शकते.

इतर लिप्यांच्या वाटेला जाताना आकड्यांपासून जपावे. बंगालीतला चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो आणि सात हा नवासारखा. कोलकात्याहून किंवा बांगलादेशातून कुणी आणलेल्या पाकिटावर आकडे बंगालीत असतील, तर ते ओळखीच्या बंगाली माणसाकडून वाचून घ्यावेत.

मग छापायचे कसे?

२०१८ साली नियम बदलला आणि औषधाचे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन आकारांनी मोठे छापणे आवश्यक झाले. तीन किंवा अधिक औषधांच्या मिश्रणांना आणि जीवनसत्त्वांच्या मिश्रणांना त्यातून सूट आहे. आकाराचा प्रश्न असा मार्गी लागला, देवनागरी लेखनाचा नाही. एकाच औषधाची ‘एटोरवास्टेटिन’, ‘अटोर्वास्टाटिन’, ‘ऐटोरवैस्टैटिन’ अशी तीन रूपे वाचायला मिळाली, तर वाचकाने कुठल्या रूपावर विसंबावे?

जागतिक आरोग्य संघटना मूळ नावे इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि लॅटिनबरोबरच रशियन, अरबी आणि चिनी भाषेतही प्रसिद्ध करते. म्हणजे अरबी वाचणाऱ्या रुग्णासाठी नावाचे एक अधिकृत रूप ठरलेले आहे. देवनागरीसाठी तिथे असे काही नाही. ते काम आपल्याच इंडियन फार्माकोपिया कमिशनने करायला हवे. एका मूळ नावाचे प्रत्येक भारतीय लिपीत एकच रूप असावे, आणि यादी सर्वांना खुली असावी. औषधांच्या नावांना शुद्ध मराठी किंवा हिंदी प्रतिशब्द घडवण्याच्या फंदात मात्र कुणी पडू नये. ‘मेटोप्रोलोल’ला भाषांतर नको, ठरलेले शुद्धलेखन हवे. मराठी आणि हिंदीसाठी दोन वेगळी रूपे करण्याचीही मला गरज वाटत नाही. मराठीतला ‘ॲ’ आणि ‘झ’ घेतला, नुक्त्यावर अर्थ टांगून ठेवला नाही, तर एकच रूप दोन्हीकडे चालेल. हिंदी वाचकाला ‘झ’ थोडा खटकेल, पण हरवलेल्या टिंबापेक्षा तो परवडला.

दुसरी मागणी त्याहून साधी आहे. दोन्ही लिप्यांतले पूर्ण नाव, क्षार आणि ताकद प्रत्येक दोन गोळ्यांमागे एकदा छापले जावे, आणि दोन्ही नावे एकाखाली एक असावीत. आज काही पट्ट्यांवर इंग्रजी नाव एका टोकाला आणि देवनागरी दुसऱ्या टोकाला असते. कात्री मध्ये फिरली, की इंग्रजी नाव एका गिऱ्हाइकाकडे आणि देवनागरी दुसऱ्याकडे जाते.

हे होईपर्यंत दुकानदाराला सांगावे, की पट्टी कापायचीच असेल तर नाव आणि मुदत असलेला भाग आमच्याकडे द्या. तसे जमत नसेल, तर कापण्याआधी पूर्ण पट्टीचा पुढून-मागून फोटो काढून घ्यावा आणि तो चिठ्ठीच्या फोटोशेजारी ठेवावा. जुनी पट्टी डब्यात असेल तर तीही केंद्रावर सोबत न्यावी. दोन्ही पट्ट्या काउंटरवर शेजारी ठेवून फार्मासिस्टला एवढेच विचारावे : हे एकच औषध आहे का, आणि असेल तर यातली कुठली बंद करायची?